मास्तरांची पहिली ओळ

उकंडराव सरदारांच्या आधी त्यांच्या आईची तीन लेकरं गेली होती. म्हणून हे जन्मल्यावर आजीने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारणीने "कोणाचं गं हे?" म्हणत उचलून परत घरात आणलं. मृत्यूला फसवायची ही रीत. मूल जगलं आणि नाव उकंडा पडलं. पुढे वडिलांनी धम्म घेतला, घरातले देव गेले, पण नाव काही गेलं नाही. कारंजा लाडमध्ये मात्र त्यांना उकंडराव म्हणणारं माणूस शोधावं लागेल. सारं गाव त्यांना मास्तर म्हणतं.

मास्तर टायपिंगचे. मंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची एक लांबट खोली होती, तिच्यात अकरा मशिनी होत्या, आणि सकाळी सहापासून तिथे जो खडखडाट चाले तो समोरच्या दालमिलीला भारी पडे. तिथून शिकलेली पोरं कोर्टात लागली, तहसिलीत लागली, बँकेत लागली. मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा एकच होती. पहिला महिनाभर फक्त मधली ओळ. डावा हात ए, एस, डी, एफ. उजवा हात सेमीकोलन, एल, के, जे. हातांवर रुमाल टाकायचा आणि डोळे समोरच्या कागदावर. बोटांकडे पाहिलं की पट्टी. मशिनीवर काय उमटलं ते पाहिलं तरी पट्टी. "मजकूर पाय!" ते ओरडत. "बोटं आपलं काम करून राह्यली न? तू तुयं कर!"

आणि कागद पूर्ण झाला की मास्तर लाल पेन्सिलीने प्रत्येक चुकीला गोल करत आणि खाली लिहीत, 'पाहिले. उ.' त्या दोन शब्दांशिवाय पोराला घरी जायची मुभा नव्हती. त्या पेन्सिलीची दहशत अशी, की आज साहेब झालेली माणसंही कुठे लाल गोल दिसला की क्षणभर सावध होतात.

पुढे सरकारने मशिनीवरच्या परीक्षा बंद केल्या. अकरातल्या दहा मशिनी भंगारात गेल्या, एक मास्तरांनी हट्टाने ठेवली. खोलीत सून निकिता हिने ऑनलाईन सेंटर टाकलं. मुलगा विकास एसटीत कंडक्टर, तो दिवसभर रस्त्यावर. सेंटर निकिताचंच. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा जुना फोटो, तो मात्र मास्तरांच्या वेळचाच. पहिल्या टेबलावर निकिता, दुसऱ्यावर मास्तर. दाखले, पीकविमा, शिष्यवृत्त्या, परीक्षांचे फॉर्म. मास्तर म्हणत, "आधी मी लोकायले नोकरीसाठी शिकवो, आता नोकरीचे फॉर्म भरतो. धंदा तोच."

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग कप अर्धाच भरायला त्यांच्या बायकोने, चंपाबाईंनी, सुरुवात केली, न सांगता. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की घाबरायचं कारण नाही, पण हे राहणार. मास्तरांना त्यातली एकच गोष्ट खटकली. तळवा टेबलाला टेकून बोटं मधल्या ओळीवर ठेवली, की थरथर बरीच निवायची आणि लिहिता यायचं. पण माउस धरला, की पडद्यावरचा तो बाण काही एका जागी उभा राहायचा नाही. एका ओळीवर न्यावा, तर शेजारच्या ओळीवर दाबला जायचा.

आणि तसाच तो एकदा दाबला गेला.

मोहनसिंग राठोड जवळच्या तांड्यावरचा शेतकरी. त्याची मुलगी रीता हिचा नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला तो आला होता. परीक्षा केंद्राची यादी इंग्रजीत, वर्णक्रमाने. तिच्यात वर्धा आणि वाशीम एकाखाली एक. रीता झेरॉक्सला गेली होती, मोहनसिंगला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि मास्तरांनी पुन्हा पाहिलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांना गोल केले, त्याने स्वतःचा कागद तपासला नाही. प्रवेशपत्र आलं तेव्हा कळलं. बाप-लेक आदल्या रात्रभर एसटीच्या थांब्यांवर ताटकळत वर्ध्याला पोचले, रीताने झोपाळल्या डोळ्यांनी पेपर दिला, आणि ती थोडक्यात राहिली. वर्ष गेलं. मोहनसिंग सेंटरवर येऊन भांडला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमच्या हातानं आमी वर्धा पायली." भांडला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर निकिताने त्यांना उठवलं नाही. ती तशी सून नव्हे. ती फक्त गिऱ्हाईक त्यांच्या टेबलाकडे वळलं की म्हणायची, "इकडं या भाऊ, बाबाले बसू द्या." दोन महिन्यांत दुसऱ्या टेबलाकडे कोणी वळेनासं झालं. मग एक दिवस तिने टेप घेऊन ते टेबल मोजलं. लॅमिनेशनची आणि मोठ्या झेरॉक्सची मशीन यायची होती, तिला जागा लागणार होती. मास्तर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण वाचलंही काही नाही.

अशातच उत्कर्ष आला. उत्कर्ष हा त्यांच्या शेवटच्या बॅचचा विद्यार्थी, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. बहिणीच्या लग्नाला आला होता, पत्रिका द्यायला सेंटरवर आला. "जय भीम, मास्तर," म्हणून पाया पडला आणि मास्तरांचा माउसवरचा हात त्याने पाहिला. बाजारभावाच्या पानावर तुरीचा दर उघडायचा होता; बाण तुरीवर जायचा आणि हरभऱ्यावर दाबला जायचा. उत्कर्षने माउस सोडून त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं, तो मधल्या ओळीवरच होता. त्यालाही पट्ट्या खाल्लेल्या आठवत असणार.

"मास्तर, माउस कायले पायजे तुमाले?" तो म्हणाला.

"मंग काय डोक्यानं दाबू?"

उत्कर्ष हसला आणि खुर्ची ओढून बसला. त्याने ब्राउझरमध्ये एक छोटं एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्राम टाकला, व्हिमियम नावाचा. मग म्हणाला, "आता एफ दाबा."

मास्तरांनी डाव्या हाताची तर्जनी जिथे होती तिथेच दाबली. पडद्यावरच्या प्रत्येक लिंकवर, प्रत्येक बटणावर एकेक पिवळी चिठ्ठी डकवली गेली. चिठ्ठीवर अक्षरं होती. कुठे एक, कुठे दोन. तुरीवर होतं 'एस के'.

"एस के मारा."

मास्तरांनी मारलं. तुरीचं पान उघडलं.

मास्तरांनी मागच्या पानावर कसं जायचं ते विचारलं, उत्कर्षने मोठा एच दाखवला. पुन्हा एफ, पुन्हा चिठ्ठ्या. या वेळी ते चिठ्ठ्याच वाचू लागले. एस, ए, डी, एफ, जे, के, एल. अधूनमधून दुसऱ्या ओळींतली काही अक्षरं, पण बहुतेक याच. त्यांचा चेहरा बदलला.

"अरे, हे तं माही पयली ओळ होय!"

"होच न मास्तर. बोटं जिथं असतात तिथलीच अक्षरं वापरतात, हात हलू नये म्हणून."

"कोणं केलं हे?"

उत्कर्षने सांगितलं, की प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं मजकूर लिहायचं एक जुनं साधन आहे, एडिटर म्हणतात तसं, त्याच्यात सगळं किबोर्डवरून चालतं, त्याच्या चालीवर हे बेतलेलं आहे. जे दाबला की पान खाली सरकतं, के दाबला की वर. डी आणि यू अर्धं अर्धं पान. दोनदा जी म्हणजे पानाच्या डोक्यावर, मोठा जी म्हणजे तळाला. एक्स दाबला की टॅब बंद, मोठा एक्स दाबला की बंद झालेला परत. लिहायच्या पहिल्या चौकटीत जायचं तर जी आय. मास्तर वहीत उतरवून घेत होते, 'धडा पहिला' असं वर लिहून.

"आन एक ध्यानात ठेवा," उत्कर्ष उठता उठता म्हणाला. "लिहायच्या चौकटीत असलं तं अक्षर म्हणजे अक्षर. चौकटीच्या बाहेर असलं तं अक्षर म्हणजे हुकूम. ते इचारत नाई, करून टाकते."

मास्तरांनी तेही लिहून घेतलं, खाली रेघ मारून. माणूस रेघ मारतो आणि विसरतो, ती गोष्ट पुढे येईल.

त्या पावसाळ्यात मास्तर पुन्हा विद्यार्थी झाले. रोज सकाळी निकिता यायच्या आधी ते सेंटर उघडत आणि पानांवर सराव करत. बातम्या, हवामान, मंडीचे भाव, एसटीचं वेळापत्रक. माउसची वायर त्यांनी गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. एका सकाळी मात्र एफ दाबला आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. चिठ्ठी नाही, काही नाही. जे नाही, के नाही. मास्तरांचं अवसान गळालं. आपल्याकडून काहीतरी बिघडलं असं समजून ते दोन दिवस त्या टेबलाकडे फिरकले नाहीत आणि निकिताला विचारायचीही त्यांना लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी घास हातातच धरला. "वेलांटी!" ते म्हणाले.

"काय?" चंपाबाई म्हणाल्या.

"आदल्या सांजच्याले मी मराठीत अर्ज लिवला होता. भाषा मराठीच राह्यली. मी एफ मारून राह्यलो, आन मशीन समजते पयली वेलांटी. थे काय करीन बिचारी!"

तीस वर्षं दोन्ही भाषांचं टायपिंग शिकवलेल्या माणसाने ही चूक करावी, याचं त्यांना इतकं हसू आलं की हातातला घास खाली ठेवावा लागला. त्यांनी उत्कर्षला फोन केला, तेव्हा कळलं की सेटिंगमध्ये एक खूण केली की किबोर्डची भाषा कुठलीही असो, हुकूम चालतात. खूण केली. वहीत मात्र लिहिलं, 'आधी भाषा पाहा.' सेटिंगवर मास्तरांचा तेवढा भरवसा नव्हता.

निकिता हे सगळं पाहत होती. तिला कौतुक होतं, पण कौतुक वेगळं आणि लोकांचे फॉर्म वेगळे. "बाबाचं मन रमून राह्यलं," ती विकासला म्हणाली. मास्तरांनी ते ऐकलं. मन रमवायला त्यांच्याकडे रेडिओ होता. त्यांना फॉर्म भरायचे होते.

आणि त्यांच्या टेबलाच्या जागी मशीन लावायला मशीनवाला सोमवारी येणार होता.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी पावणेपाच वाजता, सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन-तीन फॉर्मांची मुदत एकदमच संपत होती. निकिताच्या टेबलाभोवती सात-आठ जणं. दारात मोहनसिंग आणि रीता. तिच्या हातात तीच जुनी प्लास्टिकची फाइल. परीक्षा यंदा पुन्हा होती आणि फॉर्म संध्याकाळी सहाला बंद होणार होता. वेबसाइट कालपासून अडकत होती, तांड्यावर नेटवर्क नव्हतं, म्हणून ते आज आले होते.

निकिताने घड्याळ पाहिलं, गर्दी पाहिली. "रीता, अर्धा घंटा थांब न माय."

रीताने दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. मास्तर सरळ बसले होते, बोटं मधल्या ओळीवर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर झेलायची त्यांची हिंमत नव्हती.

"मास्तरजवळ भरतो," ती म्हणाली.

"पोरी!" मोहनसिंगचा आवाज चढला. "मांगच्या साली काय झालं, भुलली काय?"

"भुलली नाई. थांबलो तं सहा वाजतीन."

निकिता काहीतरी बोलणार होती, पण तिच्या पडद्यावर कोणाचा तरी ओटीपी मागितला गेला आणि तिला तिकडे पाहावं लागलं. रीता मास्तरांच्या शेजारी बसली. मोहनसिंग मागे उभा राहिला, हाताची घडी घालून. मास्तरांना त्याची सावली किबोर्डवर पडलेली दिसत होती.

लॉगिन झालं. एफ, दोन अक्षरं, फॉर्म उघडला. जी आय, पहिली चौकट. मास्तरांनी रीताची मार्कशीट उजव्या हाताला उभी लावली, जशी ते जन्मभर मूळ प्रत लावत आले, आणि डोळे तिच्यावर ठेवले. मग बोटं सुटली. नाव, जन्मतारीख, पत्ता. टॅब, टॅब, टॅब. मागे उभ्या दोघा-तिघांनी निकिताच्या टेबलावरून माना वळवल्या. असा वेग त्या खोलीत बऱ्याच वर्षांत कोणी ऐकला नव्हता. मास्तरांच्या छातीत काहीतरी जुनं, आनंदाचं हललं.

पुढे स्त्री की पुरुष, ते गोल टिंब निवडायचं होतं. एफ, चिठ्ठी, 'स्त्री'वर खूण झाली. त्यापुढची चौकट पालकांच्या नावाची, आडनाव आधी. मास्तरांची नजर आधीच मार्कशीटवरच्या पुढच्या ओळीवर गेली होती. टॅब मारायचा राहिला. त्यांनी एका दमात सगळी ओळ इंग्रजीत मारली, राठोड मोहनसिंग देवला, वडिलांचं आणि आजोबांचं नाव, आणि मग मान वर केली.

पडद्यावर फॉर्म नव्हता. एक रिकामा टॅब होता, आणि वर पत्त्याच्या पट्टीत राठोडमधला उरलेला 'होड' आणि पुढे मोहनसिंग देवला, एवढंच लटकत होतं.

मास्तरांना काय झालं ते तत्क्षणी कळलं. निवडीच्या टिंबावर लिहायची चौकट नसते. आर म्हणजे पान पुन्हा लोड करा. ए काहीच नाही. टी म्हणजे नवा टॅब उघडा. बाकीची अक्षरं नव्या टॅबात गेली. ते इचारत नाई, करून टाकते. त्यांनी कंट्रोल डब्ल्यूने तो टॅब मिटवला, कारण रिकाम्या टॅबवर हे हुकूम चालत नाहीत, एवढं भान त्या घाईतही त्यांना राहिलं. खाली फॉर्मचं पान पुन्हा लोड होऊन आलं होतं. सगळ्या चौकटी रिकाम्या, आणि वर लाल अक्षरांत सूचना, पुन्हा लॉगिन करा. घड्याळात पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

चूक कशी झाली ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रीताही फाइलमधून जातीचा दाखला काढत होती. वेबसाइट कालपासून अडकतच होती. तिच्यावर ढकललं असतं तर कोणी अविश्वास दाखवला नसता. सेंटरवाले रोज ढकलतात. हा विचार मास्तरांच्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. तो आला, आणि थोडा वेळ थांबलाही.

"माही चूक झाली," मास्तर मोठ्याने म्हणाले. "साइटची नाई. मी चौकटीच्या बाहेर लिवलं. सारं गेलं."

मोहनसिंगने घडी सोडली. "म्या सांगतलं होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "पोरीचं दुसरं साल. मास्तर, तुमी मोठे माणसं. पण आता उठा न तुमी."

निकिता आपल्या टेबलावरून उठून आली. तिने ड्रॉवर उघडून माउस काढला, वायर सोडवली. "बाबा, उठा. मी पाहून घेते."

मास्तर उठले. अर्धे उठले. टेबलाची कड धरलेला उजवा हात आता सगळ्यांना दिसेल इतका हलत होता. ते निकिताला म्हणाले, "उठतो मी. पण तुया टेबलावर सात माणसं हायेत, त्याईचीबी आजच मुदत हाये. थ्या फॉर्मले तुले पाऊण घंटा लागते. मले वीस मिनिटं. फक्त मी एकट्यानं नाई भराव, एवढंच. तू वाच. मी मारतो. आन रीतानं पडद्यावर पाहाव, काय उमटते थे. आमी परीक्षेची प्रत अशीच तपासो. तीन माणसं, एक कागद."

निकिताने सासऱ्याकडे पाहिलं, मग माउसकडे, मग घड्याळाकडे. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने पुढे कधी सांगितलं नाही.

"करू द्या मॅडम," रीता म्हणाली. "आपली चूक आपल्या तोंडानं कोण सांगते? आता त्याईच्यानं चूक नाई होत."

निकिताने मार्कशीट उचलली.

ओटीपी आला, लॉगिन झालं. निकिता वाचू लागली, आधी घाईघाईने, मग मास्तर मारतात त्या बेताने. "नाव, रीता." "रीता," रीता पडद्यावर पाहून म्हणाली. आणि मास्तरांनी त्या दिवशी एक गोष्ट केली, जी करणाऱ्या पोरांना त्यांनी तीस वर्षं पट्टी मारली होती. त्यांनी डोळे पडद्यावर ठेवले. प्रत्येक चौकटीत उभी रेघ लुकलुकते आहे का, ते आधी पाहिलं, मग अक्षर मारलं. वेग निम्मा झाला. बोटं रागावल्यासारखी थांबत होती. स्त्रीवर खूण झाली. मास्तर थांबले. टॅब मारला. रेघ लुकलुकली. मग राठोड.

फोटो आणि सही चढवायची वेळ आली, तेव्हा निकिताने माउस जोडला आणि ते काम पटकन करून टाकलं. मास्तरांनी हरकत घेतली नाही. जे ज्याने लवकर होतं ते त्याने करावं.

पाच पस्तीस झाले. आलं परीक्षा केंद्र.

मोहनसिंग पुढे वाकला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ही यादी तो ओळखत होता. निकिता वाचायची थांबली. मास्तरांनी एफ दाबून यादीची चिठ्ठी मारली, यादीभोवती निवडीची चौकट आली. ती आली की अक्षर पुन्हा अक्षर होतं, हुकूम राहत नाही. यादी त्या अक्षरांच्या मागे मागे जाते. मास्तरांनी डब्ल्यू मारला. यादी उडी मारून वर्ध्यावर थांबली.

"वर्धा," रीता पडद्यावर पाहून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला.

ए मारला. वर्धाच. मोहनसिंगने श्वास घेतलेला सगळ्यांना ऐकू आला. डाव्या हाताचं अनामिकेचं बोट एसवरच होतं, जिथे ते वयाच्या सतराव्या वर्षापासून होतं. ते बोट थरथरत नव्हतं. मास्तरांनी ते दाबलं.

"वाशीम," रीता म्हणाली.

"पुना वाच," मास्तर म्हणाले.

"वाशीम, मास्तर. डब्ल्यू, ए, एस, एच, आय, एम."

मग सगळा फॉर्म पहिल्यापासून मोठ्याने वाचला गेला. निकिताने वाचला, रीताने पडताळला, आणि आश्चर्य म्हणजे निकिताच्या टेबलाभोवतीची माणसंही ऐकत उभी राहिली. शेवटी मास्तरांनी एफ दाबला. अंतिम सादर करायच्या बटणावर पिवळी चिठ्ठी उमटली, 'डी के'. मास्तरांनी हात मागे घेतले.

"तुया फॉर्म हाये. तू मार."

रीताने एका बोटाने शोधून डी मारला. बाकीच्या चिठ्ठ्या गळून गेल्या, डीवाल्या थोड्या राहिल्या. मग के. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पावती आली. प्रिंटर करकरला. मोहनसिंगने कागद उलटसुलट पाहिला, मग मास्तरांपुढे धरून बोट ठेवलं. "हे वाशीम न? औंदा वर्धा नाई?"

"वर्धा नाई, मोहनसिंग."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला आणि कागद टोपीत खोचावा तसा जपून फाइलीत ठेवला. जाताना तो मास्तरांना रामराम करून गेला. वर्षभरात पहिल्यांदा.

गर्दी ओसरल्यावर निकिता हिशोबाला न बसता मास्तरांच्या टेबलापाशी आली. मास्तर वही उघडून बसले होते. त्यांनी आजच्या तारखेखाली लिहिलं होतं, 'निवडीच्या टिंबानंतर टॅब. मजकूर नाही, पडदा पाहावा.' आणि उत्कर्षचं ते रेघ मारलेलं वाक्य मागे शोधून त्याला लाल पेन्सिलीने गोल केला होता. गोल हलत्या हाताने काढलेला, वाकडातिकडा. निकिताने वही आपल्याकडे ओढली, वाचली, पेन्सिल त्यांच्या हातातून घेतली आणि खाली लिहिलं, 'पाहिले. नि.'

मास्तरांनी वही मिटली. निकिताने प्रिंटरमध्ये कागद भरला.

सोमवारी सकाळी मशीनवाल्याचा फोन आला. निकिता दारात उभी राहून बोलत होती, आत मास्तरांच्या समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि खडखड चालू होती. गेली सात वर्षं ती त्यांना घरी आणि सेंटरवर बाबाच म्हणत आली होती.

"नाई हो भाऊ, तो टेबल नाई भेटत," ती फोनवर म्हणाली. "मशीन माया बाजूनं लावू कुठं तरी. तिथं मास्तर बसतात."